रिपोर्टवर ‘नॉर्मल’, तरी डाव्या कानात एसटीएस: कारखान्यातल्या ऑडिओग्रामबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळे, महापे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली की आठवड्याभरात ऑडिओग्रामचा गठ्ठा सेफ्टी विभागाच्या टेबलावर येतो. त्यातल्या बहुतेक कागदांच्या तळाशी एकच शेरा असतो: ‘हिअरिंग विदिन नॉर्मल लिमिट्स’. गठ्ठा फाइलला लागतो आणि विषय तिथेच संपतो. खालचे प्रश्न त्या शेऱ्याभोवतीच फिरणारे आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. रबाळे एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर, कामावर लागला तेव्हा वय २७, आता ३२. माणूस आणि आकडे उदाहरणापुरते रचलेले आहेत, पण असे कागद आमच्यासारख्यांच्या हाताखालून नेहमी जातात.

ऑडिओग्राम वाचायचा कसा? आलेख खाली गेला म्हणजे चांगलं की वाईट?

वाईट. आडव्या रेषेवर डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी चढत जाते: ५००, १०००, २०००, ३०००, ४०००, ६०००, ८००० हर्ट्झ. उभ्या रेषेवर डेसिबल आहेत, पण शून्य वर आणि मोठे आकडे खाली. प्रत्येक पट्टीवर माणसाला जेमतेम ऐकू आलेला सर्वांत हळू आवाज, म्हणजे त्याचा थ्रेशोल्ड, तिथे खूण करून दाखवतात. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. खूण जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला.

इथलं शून्य म्हणजे शांतता नव्हे. कानाचा काही आजार नसलेल्या तरुण माणसांना सरासरी जिथे ऐकू येतं ती पातळी म्हणजे शून्य. म्हणून एखाद्याचा थ्रेशोल्ड उणे ५ आला तर मशीन बिघडलं असं समजू नका. मोजमाप पाच-पाच डेसिबलच्या पायऱ्यांनी होतं, त्यामुळे एका पायरीचा फरक दोन तपासण्यांत सहज पडतो. एकाच पट्टीवरच्या ५ डेसिबलवरून कुणाला बोलावून घाबरवू नये.

आवाजाने कान गेला हे आलेखावर कसं दिसतं?

३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान खड्डा दिसतो, बहुधा ४०००ला सर्वांत खोल, आणि ८०००ला रेषा पुन्हा थोडी वर येते. वयाने येणाऱ्या बहिरेपणात हे वर येणं नसतं, तिथे रेषा उतरत उतरत शेवटपर्यंत जाते. मात्र माणूस पन्नाशीला आला आणि आवाजातही वीस वर्षं राहिला असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि खड्डा भरल्यासारखा दिसतो. खड्डा नाही म्हणजे आवाजाचा संबंधच नाही, असं तेव्हा म्हणता येत नाही.

आमच्या ऑपरेटरच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ आहे. मग एसटीएस आहे असं तुम्ही कशावरून म्हणता?

त्याच्या डाव्या कानाचे दोन कागद शेजारी ठेवू: कामावर लागतानाचा पहिला, म्हणजे बेसलाइन, आणि आताचा.

| हर्ट्झ | बेसलाइन, वय २७ | आता, वय ३२ | फरक |
|---|---|---|---|
| ५०० | १० | १० | ० |
| १००० | ५ | १० | ५ |
| २००० | ५ | १० | ५ |
| ३००० | १० | २० | १० |
| ४००० | १५ | ३० | १५ |
| ६००० | १५ | २५ | १० |
| ८००० | १० | १५ | ५ |

लॅबचा शेरा कुठून आला ते आधी पाहू. अनेक ठिकाणी ५००, १००० आणि २००० या तीन पट्ट्यांची सरासरी काढतात आणि ती २५च्या आत असली की नॉर्मल लिहितात. या माणसाची सरासरी १०. शेरा त्या हिशोबाने खोटा नाही. पण आवाज जिथे आधी मार करतो त्या पट्ट्या या सरासरीत जवळजवळ नाहीतच. शिवाय लॅबने त्याची तुलना जगाशी केली, त्याच्या स्वतःच्या जुन्या कानाशी नाही.

एसटीएस, म्हणजे स्टँडर्ड थ्रेशोल्ड शिफ्ट, ही फूटपट्टी ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या १९१०.९५ क्रमांकाच्या नियमातली आहे. परदेशी मालकीच्या किंवा परदेशी ग्राहक असलेल्या कंपन्या ती इथेही वापरतात. ती विचारते एवढंच: याच माणसाच्या याच कानात, त्याच्या बेसलाइनपेक्षा, २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी १० डेसिबल किंवा जास्त खाली गेली का? कुठल्याही एका कानात गेली तरी पुरे. दोन कानांची सरासरी करायची नाही.

डावा कान: ५ अधिक १० अधिक १५, बेरीज ३०, भागिले तीन, बरोबर १०. एसटीएस आहे. त्याच्या उजव्या कानाचे तेच तीन फरक ५, ० आणि ५ आले. सरासरी साडेतीनच्याही आत. तो कान सध्या ठीक.

भागाकार टाळायचा असेल तर बेरीजच बघा. तीस किंवा पुढे गेली की एसटीएस.

दरवर्षी तपासणी होते. मग आधीच्या वर्षी का नाही दिसलं?

कारण दरवर्षी मागच्या वर्षीचाच कागद काढून बघितला गेला. या माणसाचा डावा कान २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झवर असा उतरला: २७व्या आणि २८व्या वर्षी ५, १०, १५. एकोणतिसाव्या वर्षी ५, १०, २०. तिसाव्या वर्षी ५, १५, २०. एकतिसाव्या वर्षी १०, १५, २५. यंदा १०, २०, ३०. मागच्या वर्षाशी तुलना केली तर कुठल्याही पट्टीवर कधीच ५च्या वर फरक नाही, म्हणजे मोजमापाची एक पायरी. दरवर्षी ‘विशेष बदल नाही’ असंच निघणार. बेसलाइनशी तुलना केली तर सरासरी घसरण शून्यापासून १.७, ३.३, ६.७ आणि १० अशी चढत गेलेली दिसते. ६.७च्या वर्षीच त्याचे इअरप्लग तपासायला हवे होते. नियमाने ते सक्तीचं नव्हतं, पण शहाणपणाने होतं.

ऑडिओग्राम एक्सेलमध्ये भरतो. सूत्र देता का?

एका ओळीत एका माणसाचा एक कान. B, C, D मध्ये बेसलाइनचे २०००, ३०००, ४००० आणि E, F, G मध्ये आताचे:

```
=IF(COUNT(B2:G2)<6,"CHECK",IF(SUM(E2:G2)-SUM(B2:D2)>=30,"STS","OK"))
```

सुरुवातीचा COUNT मुद्दाम आहे. एक्सेल रिकामा चौकोन शून्य धरतं. बेसलाइनचा आकडा भरायचा राहिला तर धडधाकट माणसाला एसटीएस दाखवतं, आणि आताचा आकडा राहिला तर खरा एसटीएस झाकून टाकतं. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ‘ओके’ आलेली ओळ पुन्हा कुणी उघडत नाही.

वयाची सूट द्यायची का?

ओशाचा नियम सूट देऊ देतो, सक्ती करत नाही. त्याच्या जोडपत्रातल्या पुरुषांच्या तक्त्यात २७व्या वर्षी २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झसाठी ४, ६, ७ हे आकडे आहेत. ३२व्या वर्षी ५, ७, १०. म्हणजे पाच वर्षांत वयाच्या नावावर १, १ आणि ३ डेसिबल वजा करता येतात. आपल्या माणसाचे फरक ५, १०, १५चे होतात ४, ९, १२. बेरीज २५, सरासरी ८.३. एसटीएस कागदावरून गायब!

तोच माणूस, तोच कान, तोच खड्डा. म्हणून कंपनीने सूट द्यायची की नाही हे एकदाच लेखी ठरवावं आणि सगळ्यांना सारखं लावावं. निकाल पाहून ठरवू नये. माझं मत विचाराल तर सूट न देता काढलेला आकडाच कृतीसाठी धरावा. अमेरिकेतल्याच नायॉश या संशोधन संस्थेने १९९८च्या शिफारशींत वयाची सूट नको असं म्हटलं आहे. तिची स्वतःची कसोटी वेगळी आहे: ५०० ते ६००० हर्ट्झमधल्या कुठल्याही एका पट्टीवर, कुठल्याही कानात १५ डेसिबलची घसरण, आणि लगेच पुन्हा तपासल्यावर तीच आली तर ती खरी धरायची. आपल्या माणसाची ४०००वरची १५ त्यात बसते.

एसटीएस आला. लगेच नोंद करायची की पुन्हा तपासायचं?

पुन्हा तपासा. ओशा त्यासाठी ३० दिवस देते, आणि पुनर्तपासणीचा निकाल वार्षिक तपासणीच्या जागी धरता येतो. पुनर्तपासणीआधी माणूस किमान १४ तास मोठ्या आवाजापासून लांब राहिलेला असला पाहिजे. पाळी संपवून थेट आलेल्या माणसाचा कान तात्पुरता दमलेला असतो, आणि विश्रांतीनंतर त्यातला काही भाग भरून येतो.

सर्वांत सोपं म्हणजे साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्याआधी. पण सुट्टी कशी घालवली तेही विचारा. ठाण्यात गणपतीच्या आधीचे काही आठवडे ढोल-ताशा पथकांच्या सरावाचे असतात आणि आपल्याकडची पोरं पथकांत असतात. रविवारी संध्याकाळी ताशा वाजवून सोमवारी सकाळी आलेल्याचा कान शांततेतून आलेला नाही. त्याला पुढची तारीख द्या.

पुनर्तपासणीत फरक भरून निघाला तर एसटीएस पक्का नाही. पण कान दमेल इतका आवाज त्याच्यापर्यंत पोचतो आहे, हे त्या पहिल्या कागदाने दाखवलंच. तो फेकू नका, आणि इअरप्लगची चौकशी तरीही करा.

कान नव्हे, तपासणीच चुकली आहे हे कसं ओळखायचं?

एका माणसाच्या कागदाकडे बघून बरेचदा कळत नाही. त्या दिवशीचा सगळा गठ्ठा पसरून बघावा लागतो.

सकाळपासून तपासलेल्या बहुतेकांच्या उजव्या कानात ४०००वर सारखीच १० डेसिबलची घसरण असेल, तर हेडफोनचा उजवा भाग किंवा त्याची वायर बघा. इतक्या जणांचे कान एकाच वर्षी, एकाच बाजूला, एकाच पट्टीवर उतरत नाहीत. म्हणूनच रोज काम सुरू करण्याआधी, ज्याचा ऑडिओग्राम आपल्याला माहीत आहे अशा एखाद्याला बसवून मशीन तपासून घ्यायचं असतं. त्याच्या नेहमीच्या आकड्यांत १० किंवा जास्त फरक आला तर त्या मशीनवर त्या दिवशी कुणालाही बसवू नये.

५०० आणि १०००वर सगळेच खाली गेले असतील तर दोष खोलीचा. तपासणीची व्हॅन कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीला लावली, किंवा ‘शांत खोली’ म्हणून एसीची घरघर चालू असलेली कॉन्फरन्स रूम दिली, की हे हमखास होतं. खोलीतला हलका गोंगाट आधी खालच्या पट्ट्या झाकतो. एसटीएसच्या तीन पट्ट्यांवर त्याचा परिणाम कमी, पण बेसलाइनच अशा खोलीत घेतली असेल तर पुढची सगळी तुलना डळमळते.

डावा कान जितका बिघडला तितकाच उजवा ‘सुधारला’ असेल तर बहुधा हेडफोन उलटा लावला होता. लाल उजवीकडे, निळा डावीकडे, हे शंभराव्या माणसाला घालताना हात विसरतो.

आणि एकट्याच माणसाच्या एकाच कानात जवळजवळ सगळ्या पट्ट्या सारख्या उतरल्या असतील तर आधी कानात डोकावून बघा. फोमचे प्लग वापरणाऱ्यांचा मळ आत ढकलला जातो. मळ काढल्यावर पुन्हा तपासा.

एकाच कानात एसटीएस का? आवाज तर दोन्ही कानांना सारखाच.

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कारखान्यातल्या आवाजाची इजा साधारण दोन्ही कानांत सारखी दिसते. फरक पडला तर आधी कामाची जागा बघा: आपला ऑपरेटर प्रेसकडे डावी बाजू करून उभा राहतो का, हवेचा ब्लो-ऑफ नोझल डाव्या कानापाशी आहे का. मग प्लग बघा. डाव्या कानात प्लग नीट बसवायला उजवा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढावी लागते आणि प्लग डाव्या हाताने आत सारावा लागतो. घाईत हे कुणी करत नाही, आणि डावा प्लग अर्धा बाहेरच राहतो.

यातलं काहीच पटत नसेल, किंवा त्या कानात सतत शीळ वाजणं, चक्कर, दुखणं, पाणी येणं, किंवा अचानक ऐकू कमी येणं असं काही असेल, तर ईएनटीकडे पाठवा. एका कानाच्या बहिरेपणामागे श्रवण-नसेवरची गाठसुद्धा असू शकते. दुर्मीळ आहे, पण कारखान्याच्या आवाजाच्या नावाखाली ती झाकली जाऊ नये. अचानक बहिरेपणा आला असेल तर त्याच दिवशी पाठवा, पुनर्तपासणीची वाट बघू नका.

पक्का झाला. आता माणसाला काय सांगायचं आणि काय करायचं?

ओशाच्या नियमात २१ दिवसांत लेखी कळवायचं आहे. पत्र मराठीत द्या आणि समोर बसवून सांगा. ‘तुम्ही बहिरे झालात’ असं नाही, तर ‘पाच वर्षांपूर्वीपेक्षा तुमचा डावा कान या पट्ट्यांवर इतका उतरला आहे, हा भरून येणार नाही, पण पुढचा उतार थांबवता येतो’ असं. बहुतेक जण म्हणतात, मला तर सगळं ऐकू येतं. खरंच येतं, शांत खोलीत. कँटीनच्या गलक्यात ‘स’, ‘श’, ‘त’ निसटतात, म्हणजे शब्द कळतो पण टोक कळत नाही, हे विचारल्यावर ते थोडं थांबतात.

मग प्लग त्याच्याकडून तुमच्यासमोर बसवून घ्या. फोमचा प्लग बोटांत बारीक, सुरकुती न पाडता वळवायचा, पाळी ओढून आत सारायचा आणि फुलेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. समोरून पाहिल्यावर प्लगचं टोक बाहेर डोकावत असेल तर तो बसलेला नाही. इअरमफ असेल तर सेफ्टी गॉगलची काडी त्याच्या गादीखाली फट पाडते का ते बघा. पाकिटावरचा डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, प्रेस शॉपमधला नाही. प्लग नीट बसूनही घसरण चालू असेल तर प्रश्न प्लगचा राहत नाही. ब्लो-ऑफ नोझलला सायलेन्सर, प्रेसभोवती आवरण, किंवा जागेची बदली, हे मग टाळता येत नाही.

हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावं लागतं का?

एसटीएस हा इशारा आहे, निदान नाही. आपल्याकडे आवाजाने येणारा बहिरेपणा हा कारखाने अधिनियम १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत होता; नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतल्या यादीतही तो आहे. डॉक्टरांनी तसं निदान केलं की कळवणं आलंच. त्यासाठी हाडामार्फत ऐकण्याची चाचणी धरून पूर्ण तपासणी आणि कामाचा इतिहास लागतो. आपल्या ऑपरेटरचा कागद सध्या त्या टप्प्यावर नाही. अमेरिकेतल्या नोंदवहीतसुद्धा तो चढला नसता, कारण तिथे एसटीएसबरोबर आताच्या तीन पट्ट्यांची सरासरी किमान २५ लागते आणि त्याची २० आहे. म्हणून कृती थांबवायची, असा याचा अर्थ होत नाही. कळवणं वेगळं आणि प्लग बदलणं वेगळं.

एसटीएसनंतर बेसलाइन बदलायची का?

घसरण कायमची आहे असं ऑडिओलॉजिस्ट किंवा डॉक्टर म्हणाले, तर बदलता येते, आणि ज्या कानात झाली त्याच कानाची. इथे आपल्या ऑपरेटरचा डावा कान नव्या बेसलाइनवर जाईल, उजवा जुन्यावरच राहील. बदलली नाही तर पुढच्या प्रत्येक वर्षी तीच जुनी घसरण नवा एसटीएस म्हणून वर येते आणि खरी नवी घसरण गर्दीत हरवते. मूळ बेसलाइन मात्र कधीच फाडायची नाही. तपासणीची एजन्सी बदलली किंवा नवं सॉफ्टवेअर आलं म्हणून ‘यंदापासून नवीन बेसलाइन’ असं ठरवणं म्हणजे सगळ्यांची आजवरची घसरण एका फटक्यात पुसणं. दुर्दैवाने हे सर्रास होतं.

कंत्राटी कामगारांचं काय? कंत्राटदार बदलला की फाइलही जाते.

टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात हा सगळ्यात मोठा घोळ आहे. त्याच प्रेसवर तोच माणूस सात वर्षं उभा असतो, पण कागदोपत्री तो तिसऱ्या कंत्राटदाराकडे ‘नवा’ असतो आणि त्याची बेसलाइनही दरवेळी नवी. यावर उपाय एवढाच की ऑडिओग्राम कंत्राटदाराच्या फाइलमध्ये न ठेवता मुख्य कारखान्याच्या आरोग्य केंद्रात, माणसाच्या नावाने ठेवायचे, आणि प्रत्येक तपासणीनंतर आकड्यांसकट प्रत त्याच्या हातात द्यायची. नुसता ‘फिट’चा शिक्का मारलेला कागद पुढच्या डॉक्टरला काही उपयोगाचा नाही. कामगारानेही ती मागून घ्यावी, फोनमध्ये फोटो काढून ठेवावा आणि नव्या ठिकाणी पहिल्या तपासणीला दाखवावा. त्या फोटोत २०००, ३००० आणि ४०००चे दोन्ही कानांचे आकडे, तपासणीची तारीख आणि मशीनच्या कॅलिब्रेशनची तारीख वाचता यायला हवी.